मीटिंग अकराची, मुदत साडेसहाची

अकराची मीटिंग नऊ वाजता रद्द केली, की आपण दोन तास आधी कळवलं असं रद्द करणारा समजतो. समोरच्याच्या घड्याळात मात्र तेव्हा वेगळंच काही वाजलेलं असतं. तो साडेसहाला घरातून निघालेला असतो, टोल भरून घाटात पोचलेला असतो. नाहीतर आपल्या वरिष्ठांना त्याने सकाळचा वेळ मागून घेतलेला असतो. आपण दोन तास आधी कळवल्याचं समाधान मानतो, पण त्याच्या हिशेबात आपल्याला अडीच तास उशीर झालेला असतो.

क्लायंटची मीटिंग ऐनवेळी रद्द करणं हा छोट्या व्यावसायिकाच्या आयुष्यातला अगदी साधा प्रसंग आहे. माणूस आजारी पडतो, मशीन बिघडतं, पावसाने रस्ता अडतो. त्याबद्दल क्लायंट सहसा डूख धरत नाही, कारण त्याचीही मशीनं बिघडत असतात. संबंध बिघडतात ते पुढे. रद्द केल्याचं केव्हा आणि कोणाला सांगितलं, पुढच्या कोणत्या वेळा दिल्या आणि त्या पाळल्या का, यावर सगळं ठरतं. हे नीट कळण्यासाठी एकच उदाहरण धरून चालू.

समजा, पुण्यात वारज्याला आठ-दहा माणसांची एक छोटी फर्म आहे. कारखान्यात तयार झालेले सुटे भाग कॅमेऱ्याने तपासणारं यंत्र ती बनवते. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याच्या ब्रॅकेटला चारपैकी तीनच भोकं पडली असतील किंवा कडेला तडा गेला असेल, तर यंत्र तो भाग बाजूला काढतं. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याला हे यंत्र हवं आहे. बुधवारी, १० जून २०२६ रोजी सकाळी अकराला कारखान्यातच डेमो ठरला आहे. क्लायंटकडून तिघं हजर राहणार आहेत: प्लांट हेड, क्वालिटीचे साहेब आणि परचेस मॅनेजर. यातले पहिले दोघं भोसरीतच असतात. परचेस मॅनेजर बसतात मुंबईच्या हेड ऑफिसात आणि या डेमोसाठी ते गाडीने पहाटे निघणार आहेत.

क्लायंटने काय काय करून ठेवलंय तेही पाहू. लाइनच्या शेजारी यंत्रापुरती जागा रिकामी करून विजेचा पॉइंट ओढून घेतलाय. तपासायला दोनशे भाग बाजूला काढलेत आणि त्यांत मुद्दाम थोडे सदोष भाग मिसळलेत. वारज्याहून येणाऱ्या माणसांचे गेट पास केलेत आणि त्यांत लॅपटॉपचे नंबरसुद्धा लिहिलेत. ही सगळी तयारी आपल्याला दिसत नाही. आपल्या डोळ्यांसमोर कॅलेंडरमधली एका तासाची निळी पट्टी तेवढी असते.

मंगळवारी रात्री नऊला शेवटची चाचणी सुरू होते. नऊ चाळीसला स्क्रीनवरचं चित्र गोठतं. इंजिनिअर केबल बदलून बघतो, सप्लाय मोजून बघतो आणि सव्वादहाला निष्कर्षाला येतो की कॅमेऱ्याचं कंट्रोलर कार्ड गेलं. दुसरं कार्ड वर्कशॉपमध्ये नाही. पुरवठादार बेंगळुरूचा. त्याने बुधवारी कुरिअर केलं तर ते गुरुवारी दुपारी हातात पडेल.

इथून पुढचा तास सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक ठिकाणी नेमका हाच तास वाया जातो. इंजिनिअरला वाटतं, अजून थोडं बघू, जुन्या मशीनचं कार्ड बसवून बघू, सकाळपर्यंत होईल काहीतरी. साहेबांना आत्ता फोन करून कशाला ताण द्यायचा? तो दोनपर्यंत झटतो, झोपतो आणि आठला सांगतो की जमलं नाही. मालक साडेआठला भोसरीला फोन लावतात. तोवर मुंबईच्या साहेबांची गाडी लोणावळ्याच्या आसपास पोचलेली असते. यात कोणी खोटं बोललेलं नाही, कोणी आळस केलेला नाही. उलट ज्याने रात्र जागवली त्याच्याच मेहनतीने क्लायंटची सकाळ वाया घालवली.

म्हणून पहिला हिशेब मुदतीचा. मीटिंग अकराची असली तरी रद्द करण्याची मुदत, सगळ्यांत लांबून येणारा माणूस जेव्हा घर सोडतो तेव्हा संपते. इथे ती पहाटे साडेसहाला संपते. पण साडेसहाला निघणारा माणूस रात्री अकराला झोपतो आणि उठल्यावर आधी आवराआवर करतो. म्हणजे खरी मुदत रात्री साडेदहा-अकरा. कोणतीही मीटिंग ठरली की कोण कुठून आणि किती वाजता निघणार आहे, हे त्याच वेळी विचारून ठेवावं. ‘तुम्ही सकाळी किती वाजता निघाल?’ हा प्रश्न आपल्याकडे आपुलकीनेही विचारला जातो, त्यामुळे कोणाला तो खटकत नाही.

बिघाड नक्की काय आहे हे रात्री कळत नसेल तर? तेव्हा मीटिंग रद्द करू नये, पण गप्पही बसू नये. निम्मी सूचना द्यावी: ‘सर, उद्याच्या डेमोच्या मशीनमध्ये बिघाड सापडलाय. काम चालू आहे. सकाळी पावणेसहाला मी फोन करून पक्कं सांगतो. माझा फोन येईपर्यंत कृपया निघू नका.’ या चार ओळींनी समोरच्याचा प्रवास आपल्या हातात राहतो. फक्त पावणेसहा म्हणजे पावणेसहा. तो फोन सहा वाजून पाच मिनिटांनी गेला तर निम्म्या सूचनेचा काही उपयोग उरत नाही.

आपल्या उदाहरणात कार्ड गेलंय हे सव्वादहालाच ठरलंय, त्यामुळे रात्रीच रद्द करायचं. पहिला फोन कोणाला? सवयीने माणूस ओळखीच्याला, म्हणजे भोसरीच्या क्वालिटीवाल्या साहेबांना लावतो, कारण ते आपल्याशी मोकळेपणाने बोलतात. ते झोपलेले असतात, किंवा ‘बरं, मी सांगतो मुंबईला’ म्हणून विसरतात. पहिला फोन प्रवास करणाऱ्याला. बाकी दोघांचा कारखाना घरापासून अर्ध्या तासावर आहे, त्यांना रात्री मेसेज आणि सकाळी सातला, पहिली शिफ्ट सुरू होताना फोन, एवढं पुरे.

रात्री साडेदहाला क्लायंटला फोन करावा का, अशी शंका पुण्यात विशेष निघते. माझं मत स्पष्ट आहे: करावा. आधी ‘उद्याच्या प्रवासाबद्दल तातडीचं आहे, दोन मिनिटं बोलू का?’ एवढा मेसेज टाकावा आणि दोन मिनिटांनी फोन लावावा. रात्री उशिराच्या फोनचा राग सकाळच्या चहापर्यंत टिकतो. घाटातून परत फिरावं लागल्याचा राग ऑर्डर दुसऱ्याला देईपर्यंत टिकतो.

फोन कोणी करायचा हेही ठरलेलं असावं. क्लायंट ज्याला ओळखतो त्याने, म्हणजे इथे मालकाने. ज्युनिअरकडून निरोप गेला की क्लायंटला वाटतं, आपण यांच्यासाठी एवढेच. आणि व्हॉट्सॲपवरच्या खुणांवर विसंबू नये. एक करडी खूण म्हणजे मेसेज आपल्याकडून गेला, पण त्यांच्या फोनवर पोचला नाही. दोन म्हणजे पोचला. निळ्या झाल्या म्हणजे उघडला, आणि काहींनी तर तीही खूण बंद ठेवलेली असते. ‘हो, कळलं, निघत नाही’ असं माणूस तोंडाने किंवा लिहून सांगत नाही तोवर त्याला कळलं असं धरू नये.

फोन झाला की लगेच लेखी. कारण फोनवर तारीख आणि वेळ दोन्ही निसटतात, आणि परचेस मॅनेजरना तेच पुढे आणखी चौघांना कळवायचं असतं. आपल्याकडे अशा वेळी हमखास जाणारा मेसेज असा: ‘आदरणीय सर, काही अपरिहार्य कारणास्तव उद्याची नियोजित मीटिंग रद्द करावी लागत आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपल्या सोयीची वेळ कळवावी, ही विनंती.’

भाषा सभ्य आहे, पण मेसेज नापास. ‘अपरिहार्य कारणास्तव’ वाचून क्लायंटच्या मनात पहिला विचार येतो की यांना दुसरीकडचं मोठं काम मिळालं. कोणती मीटिंग, किती वाजताची, कुठली, हे त्यात नाही. ज्याच्या दिवसभरात चार मीटिंगा आहेत त्याला शोधत बसावं लागतं. आणि शेवटची नम्र ओळ सगळ्यांत वाईट. गैरसोय आपण केली आणि आता तिघांचे दिवस ताडून नवी वेळ शोधायचं कामही क्लायंटच्याच गळ्यात घातलं. तो ‘कळवतो’ म्हणतो आणि ते आठवडाभर राहून जातं. यात त्याचाही दोष नाही.

याऐवजी मालकाने रात्री पावणेअकराला पाठवायचा मेसेज असा असू शकतो:

‘नमस्कार सर. उद्या, बुधवार १० जून, सकाळी ११ ची भोसरी प्लांटमधली डेमोची मीटिंग आम्हाला रद्द करावी लागतेय. कृपया उद्या मुंबईहून निघू नका. आज रात्रीच्या चाचणीत कॅमेऱ्याचं कंट्रोलर कार्ड गेलं. नवीन कार्ड गुरुवारी दुपारी येतंय.

पुढच्या दोन वेळा आम्ही राखून ठेवल्या आहेत:
शुक्रवार १२ जून, दुपारी ४ ते ५
सोमवार १५ जून, सकाळी ११.३० ते १२.३०

ठिकाण तेच, आमची माणसं तीच. यातली कोणती चालेल ते उद्या संध्याकाळी ५ पर्यंत सांगा, दुसरी मी मोकळी करतो. दोन्ही जमत नसतील तर ५ नंतर मीच फोन करतो. गेट पास आणि बाजूला काढलेल्या भागांबद्दल सकाळी प्लांटमध्ये मी बोलतो. आयत्या वेळी तुमची आखणी मोडली, त्याबद्दल माफ करा.’

‘निघू नका’ हे दुसऱ्याच ओळीला आलंय, कारण झोपेतून उठून मेसेज उघडणारा दोनच ओळी वाचतो. कारण एका वाक्यात संपलंय. माफी शेवटी आणि एकदाच आहे. तीच तीनदा मागितली की समोरच्यालाच आपली समजूत घालावी लागते, आणि रात्री पावणेअकराला ते काम कोणाला नको असतं.

आता दोन वेळांकडे येऊ. दोनच का, एक किंवा पाच का नाहीत? एकच वेळ दिली तर तो हुकूम होतो. ती जमली नाही तर क्लायंटला नकार द्यावा लागतो आणि गाडी पुन्हा पहिल्या ठेशनावर येते. जास्त वेळा दिल्या तर काय होतं ते थोड्या गणिताने पाहू. समजा, कोणत्याही एका वेळेला प्रत्येक माणूस मोकळा असण्याची शक्यता ८० टक्के आहे, आणि ही उदार अटकळ आहे. तिघं एकाच वेळी मोकळे असण्याची शक्यता ८० टक्क्यांचे ८० टक्के आणि पुन्हा त्याचे ८० टक्के, म्हणजे साधारण ५१ टक्के. नाणं उडवल्यासारखंच हे. एक वेळ दिली तर निम्मी आशा. दोन दिल्या तर निदान एक जमण्याची शक्यता पाऊण होते. तिसऱ्या वेळेने त्यात आणखी फक्त एक अष्टमांश भर पडते आणि चौथीने एक षोडशांश. पण दिलेली प्रत्येक वेळ आपल्याला इंजिनिअरसह, यंत्रासह आणि ते नेणाऱ्या टेम्पोसह धरून ठेवावी लागते. दुसऱ्या वेळेने जेवढं मिळतं तेवढं तिसरीने मिळत नाही, किंमत मात्र तेवढीच पडते.

या गणितात एक अट दडलेली आहे. दोन्ही वेळा एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. ‘शुक्रवारी चार किंवा साडेचार’ या कागदावर दोन वेळा दिसतात, पण प्लांट हेड शुक्रवारी बाहेरगावी असतील तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून वार वेगळा हवा आणि दिवसाचा अर्धही वेगळा हवा. ज्याची सकाळ नेहमी अडकलेली असते त्याला दुपार मिळावी, आणि ज्याचा हा आठवडा गेला त्याला पुढचा.

शुक्रवार चार आणि सोमवार साडेअकरा या वेळा कुठून आल्या? आधी आपल्या बिघाडाकडून. कार्ड गुरुवारी दुपारी येणार, बसवायला आणि सेटिंग करायला संध्याकाळ जाणार, रात्री दोनशे-तीनशे भाग सलग चालवून बघायचे. हिशेबाने शुक्रवारी सकाळी अकराला यंत्र भोसरीत उभं राहू शकतं. तरीही ती वेळ द्यायची नाही. कुरिअर चार तास उशिरा आलं की अकराची वेळ कोसळते, आणि चारची वेळ शाबूत राहते. कारणापासून पुढे मोजायचं आणि त्यावर किमान अर्धा दिवस शिल्लक ठेवायचा.

मग क्लायंटच्या दिवसाकडून. भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. कार्ड लवकर आलं असतं तरी ‘गुरुवारी येतो’ असं लिहिणं म्हणजे आपण यांच्याकडे कधी गेलोच नाही, हे लेखी देणं. याउलट शनिवार तिथे कामाचा दिवस असतो. तोही सोडला, कारण मुंबईच्या हेड ऑफिसला शनिवारी सुट्टी आहे आणि परचेस मॅनेजरना घरचा दिवस मोडून यायला लावायचं नाही. शुक्रवारी तीनची वेळ का नाही? या कारखान्याची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. तीन ते साडेतीन लाइनवर माणसांची अदलाबदल चालू असते, त्या वेळी कोणी यंत्राकडे ढुंकूनही बघणार नाही. सोमवारी नऊ-दहाला आठवड्याच्या उत्पादनाचा आढावा असतो आणि तो लांबतो, म्हणून अकराच्या जागी साडेअकरा.

धंदा बदलला की हे खाचखळगेही बदलतात. दवाखान्याचं इंटिरिअर करणाऱ्याने डॉक्टरांना सकाळी अकरा किंवा संध्याकाळी सहा सुचवणं व्यर्थ, त्या दोन्ही वेळा ओपीडीच्या. त्यांच्यासाठी दुपारचे दोन ते चार. बँकेतल्या माणसाला दुसरा आणि चौथा शनिवार सुचवू नये, २०१५ च्या सप्टेंबरपासून त्या दिवशी बँका बंद असतात. मालाच्या रवानगीची घाई महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत असते. आणि पितृपक्षात नवा सौदा पक्का करायला कचरणारे व्यापारी अजूनही पुष्कळ आहेत. आपला विश्वास असो-नसो, पक्क्या ऑर्डरची मीटिंग त्या पंधरवड्यात ढकलली तर ती पुन्हा पुढे जाण्याची तयारी ठेवावी.

कारण किती सांगायचं, यावर दोन मतं आहेत. यंत्र बिघडलं म्हटलं तर क्लायंट घाबरेल, त्यापेक्षा इंजिनिअर आजारी आहे म्हणावं, असं एक मत. मला ते पटत नाही, आणि त्याला नीतीपेक्षा व्यवहाराचं कारण आहे. दोन वेळा कारणातून निघतात. आजारपण सांगितलं तर ‘मग शुक्रवारी चारलाच का, दुसरा इंजिनिअर नाही का?’ याला उत्तर नाही. कार्ड गुरुवारी येतंय म्हटलं की शुक्रवारची वेळ आपोआप खरी वाटते. शिवाय भोसरीसारख्या ठिकाणी टेम्पोवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. मात्र खरोखरच माणूस आजारी असेल तर त्याच्या आजाराचा तपशील त्याच्या परवानगीशिवाय क्लायंटला देऊ नये. ‘डेमो देणारे आमचे सहकारी आजारी आहेत, शुक्रवारपासून कामावर येतील’ एवढं पुरतं.

आता ती निळी पट्टी. मेसेज आणि फोन झाल्यावरही क्लायंटच्या कॅलेंडरमध्ये जुनं आमंत्रण बसलेलंच असतं, आणि बुधवारी पावणेअकराला तिघांचे फोन वाजतात. ज्याला निरोप पोचला नाही असा चौथा एखादा कॉन्फरन्स रूममध्ये जाऊन बसतो. म्हणून जुनं आमंत्रण त्याच रात्री रीतसर रद्द करावं. गुगल कॅलेंडरमध्ये आपण आपली नोंद पुसायला गेलो की पाहुण्यांना कळवायचं का, असं ते विचारतं. तिथे ‘हो’ म्हणायचं आणि दोन ओळी लिहायच्या. घाईत ‘नको’ दाबलं तर आपल्याकडची नोंद जाते आणि दुसऱ्या कंपनीच्या आउटलुकमध्ये ती भुतासारखी उरते. कारण दोघांकडे एकाच नोंदीच्या वेगळ्या प्रती असतात. त्यांची जुळणी होते ती मेलमधून जाणाऱ्या एका छोट्या फाइलने. प्रत्येक मीटिंगला कायमचा एक ओळखक्रमांक असतो, रद्द करताना तोच क्रमांक ‘ही रद्द’ अशा शेऱ्यासह जातो आणि समोरचं कॅलेंडर आपली प्रत काढून टाकतं. निरोप गेलाच नाही, तर प्रत तिथेच राहते.

दोन नव्या वेळांची दोन आमंत्रणं मात्र क्लायंटला पाठवू नयेत. दोन्ही त्याच्या कॅलेंडरात बसतात, तो एक स्वीकारतो, दुसरी तशीच लोंबकळत राहते आणि पंधरा दिवसांनी कोणाला आठवत नाही की खरी कोणती. दोन्ही वेळा आपल्याच कॅलेंडरात ‘कच्ची’ म्हणून धराव्यात. क्लायंटने शुक्रवार म्हटलं की त्याचं एक आमंत्रण पाठवावं आणि सोमवारची कच्ची नोंद त्याच मिनिटाला पुसावी.

क्लायंट परदेशी असला तर आणखी एक सापळा आहे. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, आपली जात नाहीत. २०२६ मध्ये तो रविवार २५ तारखेला येतो. शुक्रवार २३ ऑक्टोबरला पुण्याचे दुपारचे दोन म्हणजे जर्मनीत सकाळचे साडेदहा. ती मीटिंग रद्द करून सोमवारी २६ ला ‘याच वेळी’ म्हटलं, तर पुण्याचे दोन म्हणजे तिथले साडेनऊ, आणि समोरचा माणूस तेव्हा अजून कॉफी ओतून घेत असतो. त्याने ‘याच वेळी’चा अर्थ आपले साडेदहा असा घेतला, तर पुण्याची माणसं तासभर रिकाम्या पडद्याकडे बघत बसतात. अमेरिकेची घड्याळं आठवडाभर नंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. म्हणून परदेशी क्लायंटला दिलेल्या दोन्ही वेळांपुढे दोन्ही ठिकाणची घड्याळं लिहावीत, तोंडपाठ फरकावर जाऊ नये.

कधी कधी रद्द न करणंच बरं असतं. आपल्या उदाहरणात बिघाड सकाळी नऊला सापडला असता तर? साहेब तेव्हा निम्म्या वाटेत. तेव्हा त्यांना परत फिरवण्यापेक्षा मीटिंग घ्यावी आणि तिचं रूप बदलावं. वाटेतच फोन करून सांगावं की यंत्र चालणार नाही, तुम्ही परत फिरायचं ठरवलंत तर आमची हरकत नाही, पण आलात तर आम्ही तिघंही येतो. बाजूला काढलेल्या दोनशे भागांचे फोटो घेऊ, कोणते दोष पकडायचे याची यादी तुमच्यासमोर पक्की करू आणि लाइनवर यंत्र कुठे बसेल त्याची मापं घेऊ. परचेस मॅनेजरांचा दिवस पूर्ण वाया जात नाही आणि पुढचा डेमो पाऊण तासात आटपतो. बरेच जण लाजेपोटी हा फोन टाळतात आणि साहेब कारखान्यात पोचल्यावर बातमी देतात. असं करू नये. यायचं की परत फिरायचं हे प्रवास करणाऱ्यालाच ठरवू द्यावं.

राहिला दुसऱ्यांदा रद्द करायचा धोका. पहिल्यांदा रद्द झालं तर क्लायंट त्याला अडचण म्हणतो. दुसऱ्यांदा झालं की ती आपली पद्धत आहे असं ठरवतो, आणि त्यानंतर कारण कितीही खरं असलं तरी ऐकलं जात नाही. म्हणून राखलेल्या वेळेआधी एक तपासणीची वेळ आपणच ठरवून घ्यावी. इथे ती गुरुवारी रात्री नऊची. तोवर कार्ड बसून शंभर भाग विनाअडथळा तपासून झाले, तर चालत्या यंत्राचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ क्लायंटला पाठवावा: ‘कार्ड बसलं, यंत्र चालतंय, उद्या चारला येतो.’ त्याच वेळी बेंगळुरूहून मागवलेलं दुसरं, जादा कार्ड कुठवर आलं तेही बघावं. आधीच जवळ असतं तर बुधवारचा डेमो बुधवारीच झाला असता.

आणि नऊपर्यंत यंत्र चाललं नाही, तर त्याच रात्री, साहेबांनी शुक्रवारची गाडी सांगण्याआधी, सोमवार साडेअकरा मागून घ्यावा. क्लायंटने शुक्रवार निवडला म्हणून आपण सोमवार मोकळा केलेला असला, तरी आपल्या बाजूने तो लगेच दुसऱ्या कोणाला देऊन टाकू नये, एवढी काळजी फर्मच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाने घ्यायची. मेसेजमध्ये ‘दुसरी मोकळी करतो’ लिहिलंय ते क्लायंटचा दिवस अडकू नये म्हणून. इंजिनिअर आणि टेम्पो सोमवारसाठी शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत, डेमो संपून ब्रॅकेटच्या ट्रे परत जागेवर जाईपर्यंत, धरूनच ठेवायचे.